फोटो आला नाही, मॅडम. मजकूर पाठवाल का?

संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमचा निरोप येतो: ‘सोबतच्या फोटोतली पाच गणितं सोडवून बुधवारी वही आणा.’ मुलं निरोप वाचतात आणि फोटोची वाट बघतात. फोटो काही येत नाही. तिकडे मॅडमच्या फोनवर मात्र तोच फोटो निरोपाखाली व्यवस्थित दिसत असतो. गृहपाठ दिला, या समाधानात त्या फोन ठेवून देतात.

या घोळाचं मूळ पाठवणाऱ्याच्या पडद्यावर आहे. फोटो निवडून बाण दाबला की तो आपल्याच फोनच्या साठवणीतून लगेच चॅटमध्ये उमटतो. तो दिसतो म्हणून गेला असं वाटतं, पण प्रत्यक्षात तेव्हा कुठे अपलोड सुरू झालेला असतो. लिहिलेला मजकूर थेट निरोप म्हणून निघून जातो. फोटोचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. वखारीत माल जमा झाल्याशिवाय पावती फाडत नाहीत, तसा फोटो आधी पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर चढावा लागतो आणि मगच ‘फोटो इथे आहे, उतरवून घ्या’ असा छोटा निरोप ग्रुपकडे जातो. पहिला टप्पा अर्धवट राहिला, तर मुलांच्या फोनवर काहीच पोचत नाही, अगदी धूसर चौकोनसुद्धा नाही.

खरं काय झालं ते मॅडमना वेळेच्या शेजारच्या खुणेवरून कळू शकतं. तिथे घड्याळाचं चिन्ह असेल, तर फोटो अजून त्यांच्याच फोनमध्ये आहे. एक करडी टिक आली, तर तो सर्व्हरवर पोचला. ग्रुपमध्ये दुसरी टिक सगळ्या सदस्यांना मिळाल्यावरच येते. एखाद्या मुलाचा फोन बंद असला तरी ती अडते, म्हणून एका टिकने घाबरायचं कारण नसतं. घड्याळ मात्र हटलंच पाहिजे.

मजकूर जातो आणि फोटो अडकतो, याचं कारण वजनात आहे. ‘गणितं’ हा शब्द दिसायला तीन अक्षरांचा. फोन त्यात ग, ण, वेलांटी, त आणि अनुस्वार अशी पाच चिन्हं मोजतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेतं, म्हणजे हा शब्द पंधरा बाइटचा. पाच गणितांचा अख्खा मजकूर चारशे चिन्हांचा धरला, तरी तो सव्वा किलोबाइटच्या आसपास राहतो. त्याच गणितांचा फोटो ॲपने दाबून लहान केल्यावरही सहज दोनशे किलोबाइटचा असतो. काही प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. त्या वेगाने फोटोला किमान २५ सेकंद अखंड रेंज हवी, तर मजकुराला सेकंदही पुरतो. गावाकडे, घाटात किंवा इमारतीच्या आतल्या खोलीत ते २५ सेकंद अखंड मिळतीलच असं नाही. त्यातून मॅडमनी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ आकारात पाठवला आणि तो तीन एमबीचा निघाला, तर याच हिशेबाने सहा मिनिटं लागतील.

म्हणून ‘फोटो परत पाठवा’ म्हणण्यापेक्षा मजकूर मागणं शहाणपणाचं. ज्या रेंजवर फोटो एकदा अडकला, तिथे तो दुसऱ्यांदाही अडकण्याचीच शक्यता जास्त.

पण मागायचं कसं? रात्री साडेआठला ‘मॅडम फोटो दिसत नाही’ एवढंच लिहिलं, तर मॅडम स्वतःचा फोन बघतात आणि त्यांना फोटो दिसतो. ‘मला तर दिसतोय, नेट तपास,’ असं उत्तर येतं आणि बिचारी मुलगी गप्प बसते. तिने नेमकं काय लिहिलं तर काम होईल, याचा हा नमुना:

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आज संध्याकाळी ७.४० ला १०वी ब च्या ग्रुपवर बीजगणिताच्या गृहपाठाचा आपला निरोप मिळाला. त्याच्या सोबतचा फोटो ग्रुपवर आलेला नाही. त्यानंतरचे बाकीचे निरोप मला येत आहेत. दोन मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही फोटो मिळालेला नाही, त्यामुळे तो अपलोड झाला नसावा असं वाटतं. आपल्याला जमल्यास पाचही गणितं टाइप करून पाठवाल का? पुस्तकातली असतील, तर सरावसंच आणि प्रश्न क्रमांक कळवलात तरी पुरेल. आकृती असल्यास ती मी उद्या शाळेत उतरवून घेईन. आपली विद्यार्थिनी, हजेरी क्र. १७.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मैत्रिणींचं आहे. कुणालाच फोटो आला नसेल, तर बिघाड पाठवणाऱ्या बाजूला आहे. इतरांना आला आणि हिच्याकडे धूसर चौकोनावर नुसता खाली बाण दिसतोय, तर अपलोड नीट झाला आहे आणि अडचण हिच्या फोनमध्ये आहे: साठवण भरलेली असेल, डेटा संपला असेल किंवा फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद असेल. तेव्हा मॅडमना त्रास देण्याआधी जागा मोकळी करून बाण दाबून बघावा, नाहीतर मैत्रिणीकडून प्रश्न मागून घ्यावेत. ‘अपलोड झाला नसावा’ हे लिहिण्याचा अधिकार ही चौकशी केल्यावरच मिळतो, आणि तेव्हा ते वाक्य उद्धटही वाटत नाही.

सरावसंचाचा उल्लेखही विचारपूर्वक केलेला आहे. बालभारतीचं पुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात असतं. गणितं त्यातलीच असली, तर ‘सरावसंच 2.2, प्रश्न 1 मधली पहिली पाच’ एवढ्यावर भागतं आणि मॅडमचं टायपिंग वाचतं.

गणितं पुस्तकाबाहेरची असतील, तर टाइप करतानाच्या चुका सांभाळाव्या लागतात. घातांक खाली घसरला की x² चा x2 होतो आणि मूल तो 2x समजून बसतं. इंग्रजी कीबोर्डवर बऱ्याच फोनमध्ये 2 चा आकडा दाबून धरला की ² मिळतो; नाहीच मिळाला तर x^2 लिहून वर ‘^ म्हणजे घात’ असा खुलासा करावा. अपूर्णांकात कंस विसरणं याहून घातक. 1/x+5 लिहिलं तर छेदात नुसता x आहे की x+5, हे कुणीच सांगू शकत नाही. 1/(x+5) लिहिलं की शंका उरत नाही.

भूमितीचंही बरंच शब्दांत बसतं. ‘△ABC मध्ये ∠B = 90°, AB = 6 सेमी, BC = 8 सेमी, तर AC काढा’ हे वाचून मूल स्वतःच आकृती काढतं, आणि तोही अभ्यासच. एका वर्तुळात दोन-तीन जीवा, स्पर्शिका आणि त्यांचे छेदनबिंदू आले, की मात्र शब्दांचा नाद सोडावा. ती आकृती शाळेत फळ्यावरून उतरवून घेणंच बरं.

ज्या घरात डेटाच नाही, तिथे साध्या एसएमएसने मजकूर पाठवता येतो. देवनागरीचा एक एसएमएस ७० चिन्हांचा असतो. लांब निरोपाचे जोडून तुकडे पडतात, ते प्रत्येकी ६७ चिन्हांचे. चारशे चिन्हांच्या गृहपाठाचे सहा एसएमएस होतील आणि ते कीपॅडच्या फोनवरही पोचतील. जुन्या कीपॅडच्या फोनवर ² किंवा △ ऐवजी कधीकधी रिकामा चौकोन उमटतो, म्हणून तिथे ‘x चा वर्ग’ आणि ‘त्रिकोण ABC’ असं अक्षरांतच लिहावं.