मुदत सांगणारी सूचना

सनदी लेखापालाने विवरणपत्राच्या मुदतीविषयी लिहिलेली सूचना अचूक असावी लागते आणि मर्यादेतही राहावी लागते, कारण 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याने जाहिरात करून ग्राहक मिळवण्यास मनाई केली आहे. म्हणून तिच्यात दराचे आमिष किंवा 'आमच्याकडेच या' असे आवाहन न येता केवळ माहिती येते.

2025 मध्ये लेखापरीक्षण लागू नसलेल्या करदात्यांची 31 जुलैची मुदत आधी 15 सप्टेंबर आणि नंतर 16 सप्टेंबर अशी वाढली, तेव्हा जुन्या सूचना तारीख न बदलता फिरत राहिल्या तर घोटाळा अटळ होता. मात्र खरी गफलत पडताळणीत होते, म्हणजे भरलेले विवरणपत्र आधार-ओटीपी वगैरे मार्गाने स्वतःचे असल्याचे मान्य करण्यात, ज्यासाठी 30 दिवस मिळतात.

तुडील गावच्या एखाद्या दुकानदाराचे करपात्र उत्पन्न 6 लाख आहे, नव्या करप्रणालीतील सवलतीमुळे त्याचा कर शून्य होतो आणि त्याने 2025 मध्ये 10 सप्टेंबरला विवरणपत्र भरले, असे समजू. पडताळणी 12 ऑक्टोबरला झाली, तर 30 दिवस उलटून गेल्याने तीच तारीख विवरणपत्र भरल्याची धरली जाते आणि कर शून्य असूनही, उत्पन्न 5 लाखांहून अधिक असल्याने, 5,000 रुपये विलंब शुल्क लागते.

म्हणूनच सूचनेत भरण्याच्या तारखेखालीच पडताळणीची मुदतही छापावी.