भिंत आणि बांध

एका अमात्याच्या मुलाने घरी भिक्षेला येणाऱ्या थेरांना विचारले, की मैत्रीची भावना कोणाविषयी करावी. प्रिय माणसाविषयी, असे थेरांनी सांगितले. मुलाला सर्वांत प्रिय होती त्याची बायको. त्याने शील घेतले, खोलीचे दार लावले आणि तिच्या सुखाची कामना करत तो बसला. थोड्याच वेळात मैत्री बाजूला राहिली. बायकोकडे जाण्याची ओढ इतकी अनावर झाली की दार कुठे आहे हेही त्याला उमजेना. रात्रभर तो भिंतीशी झुंजत राहिला.

ही गोष्ट 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात आणि त्यावरच्या टीकेत येते. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी हा ग्रंथ रचला. गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेला गेले, तिथे पाली शिकले, आणि पुढे त्यांनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत छापली गेली. ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे विवेचन आहे. त्यातल्या मैत्रीच्या भागात, म्हणजे पालीतल्या 'मेत्ता'च्या भागात, काय म्हणावे याला फार जागा दिलेली नाही. कोणाविषयी आधी म्हणावे आणि कोणाविषयी नंतर, यावर मात्र पाने खर्ची घातली आहेत. अमात्याच्या मुलाची चूक शब्दांची नव्हती. त्याचा क्रम चुकला होता.

शब्द तसे साधे आहेत. परंपरेत चार इच्छा येतात, आणि त्यांची पाली नावे 'अवेर', 'अब्यापज्ज', 'अनीघ' आणि 'सुखी' अशी आहेत. त्यांचा भाव आजच्या मराठीत असा सांगता येईल: माझ्या मनात वैर न राहो, माझ्या मनाला पीडा न होवो, शरीराला त्रास न होवो, माझे दिवस सुखाने जावोत. साधक डोळे मिटून बसतो आणि एकेक वाक्य मनात सावकाश म्हणतो. दोन वाक्यांमध्ये एखाददुसऱ्या श्वासाइतकी जागा ठेवतो. जपासारखी संख्या मोजायची नसते. वाक्य म्हणताना ज्याच्यासाठी ते म्हटले, तो माणूस मनासमोर असला पाहिजे. तो निसटला आणि शब्दच तेवढे चालू राहिले, तर पुन्हा त्याचा चेहरा आठवून पहिल्या वाक्यापासून सुरुवात करायची.

पहिला माणूस आपण स्वतः. यामागे बुद्धघोषांनी दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःवर कितीही काळ, अगदी शंभर वर्षे मैत्रीची भावना केली, तरी त्यातून ध्यानाची खोल समाधी लागणार नाही, असे ते स्पष्ट सांगतात. मग स्वतःपासून सुरुवात का? तर साक्षीसाठी. मला सुख हवे आहे, दुःख नको आहे, जगायचे आहे, मरायचे नाही, हे ज्याला स्वतःच्या बाबतीत आतून जाणवते, त्याला समोरच्यालाही तेच हवे आहे हे वेगळे पटवावे लागत नाही. कोसलचा राजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांचा एक संवाद पाली सुत्तांमध्ये आहे. स्वतःपेक्षा प्रिय असे कोणी आपल्याला सापडत नाही, असे दोघेही एकमेकांना प्रामाणिकपणे सांगतात. बुद्धांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की प्रत्येकाला आपला जीव असाच प्रिय असतो, म्हणून कोणी कोणाला इजा करू नये.

हा पाया प्रत्येकाच्या बाबतीत घट्ट असतोच असे नाही. अमेरिकी विपश्यना शिक्षिका शॅरन सॅल्झबर्ग यांनी १९८५ साली ब्रह्मदेशात सयाडो ऊ पंडित यांच्याकडे मैत्रीभावनेचा सखोल अभ्यास केला. १९९० साली धर्मशाळेतल्या एका चर्चेत त्यांनी दलाई लामांना स्वतःविषयीच्या द्वेषाबद्दल विचारले. दलाई लामांना प्रश्नच नीट उमगेना. माणूस स्वतःचा द्वेष करतो म्हणजे नेमके काय, असे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पण ध्यान शिकवणाऱ्यांना ही अडचण रोज दिसते. 'मी सुखी होवो' म्हणताच काहींचा घसा दाटतो, काहींना लाज वाटते, काहींना ते ढोंग वाटते. अशा वेळी आजचे अनेक शिक्षक क्रम थोडा लवचिक करतात. ज्याच्याबद्दल मनात सहज ऊब येते अशा कोणापासून, अगदी लहान मुलापासून किंवा घरातल्या मांजरापासून सुरुवात करायला सांगतात, आणि ती ऊब आली की हळूच स्वतःकडे वळायला सांगतात.

दुसरा माणूस निवडताना अमात्याच्या मुलाची भिंत आठवायची. ग्रंथ सांगतो की इथे आधी आचार्य किंवा उपाध्याय घ्यावेत, म्हणजे ज्यांनी आपल्याला काही दिले, ज्यांच्याबद्दल आदर आहे, पण ज्यांच्या सुखदुःखाने आपण वाहून जात नाही असे कोणी. जिवलग मित्र त्यानंतर. अतिप्रिय माणसाला किंचित काही झाले तरी आपल्याला रडू फुटते आणि मैत्रीच्या जागी काळजी येऊन बसते. जिच्याबद्दल शारीरिक ओढ वाटू शकते अशी व्यक्तीही सुरुवातीला टाळायला सांगितले आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तो चटकन ओळखू येतो. तिचा जवळचा शत्रू आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून सापडत नाही. ओळखण्याची खूण अशी: मैत्रीत मन सैलावते, आसक्तीत समोरच्याकडून काहीतरी मिळावे म्हणून ते ताणले जाते.

आणखी एक अट विचित्र वाटेल. निवडलेला माणूस हयात असावा. एका तरुण भिक्षूला पूर्वी मैत्रीध्यान साधत असे. एकदा आचार्यांना मनासमोर ठेवूनही काही केल्या ते लागेना. त्याने एका थेरांना विचारले, तेव्हा ध्यानाचा विषय नीट तपासून पाहा, असे त्यांनी सांगितले. चौकशी केल्यावर आचार्य निवर्तल्याचे कळले. भिक्षूने दुसरी व्यक्ती निवडली आणि ध्यान लागले.

यानंतर तटस्थ माणूस येतो, ज्याच्याबद्दल राग नाही आणि लोभही नाही. बसचा कंडक्टर चालेल, किराणा दुकानात वजन करणारा मुलगा चालेल. आणि मग तो, ज्याचे नाव निघाले की जबडा आवळतो. ज्याला असा वैरीच नाही, त्याने उगाच कोणाला शोधत बसू नये, असेही ग्रंथात म्हटले आहे.

समजा, एका शेतकऱ्याचे चुलतभावाशी बांधावरून वाकडे आहे. भावाने दोन वर्षांपूर्वी नांगर एक हात आत घातला, मोजणीला नोटीस देऊनही आला नाही, आणि गावच्या जत्रेत समोरून गेला तरी बोलला नाही. शेतकरी रोज पहाटे वीस मिनिटे बसतो. पहिले काही दिवस तो भावाकडे वळतच नाही. पाच-सात मिनिटे स्वतःसाठी, तेवढीच शाळेतल्या गुरुजींसाठी, उरलेली दूध संकलन केंद्रावरच्या माणसासाठी. या तिघांपाशी मन सहज बसू लागले की तो शेवटची दोन मिनिटे भावाला देतो. पहिले वाक्य संपायच्या आत नांगराची रेघ डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या वाक्यात तो मनातल्या मनात भांडू लागतो. इथे वाक्ये जोर लावून रेटणे चुकीचे. दात-ओठ खाऊन म्हटलेले 'तुझे भले होवो' राग कमी करत नाही, नुसता झाकते. ग्रंथाचा पहिला सल्ला साधा आहे: मागे फिरा. गुरुजींपाशी परत जा, मन मऊ झाले की पुन्हा भावाकडे या. असे कितीही वेळा करावे लागले तरी चालते.

तेवढ्याने जमले नाही, तर पुढचे उपाय आहेत. कोणाचे वागणे वाईट असते पण बोलणे बरे असते, कोणाचे उलट. जो भाग बरा आहे तेवढाच पाहावा. भाऊ बांध कोरतो, पण म्हाताऱ्या चुलतीला दवाखान्यात तोच नेतो. मनासमोर आणायचे ते त्याचे ते रूप. वागणे, बोलणे, मन यातले काहीच बरे दिसले नाही, तर या माणसाच्या वाट्याला पुढे काय दुःख येईल याचा विचार करून त्याची कणव करावी. तरीही राग हटला नाही, तर त्या माणसाचे तुकडे करून पाहावेत: राग नक्की कशावर आहे, केसांवर, नखांवर, दातांवर की हाडांवर? रागाला बसायला जागाच सापडत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे.

यात एक मर्यादा पाळावी लागते. भावासाठी मैत्रीची वाक्ये म्हणणे म्हणजे मोजणीचा अर्ज मागे घेणे नव्हे. हद्द ठरवून घेण्याचा हक्क शिल्लक राहतो. ज्याने गंभीर मारहाण किंवा अत्याचार केला, त्याला पहिल्या महिन्यातच मनासमोर आणण्याचा हट्टही कोणी जाणता शिक्षक धरत नाही. सरावाला किरकोळ खटका उडालेला माणूस पुरतो.

मैत्री सर्वांपर्यंत सारखी पोचली हे ओळखण्याची ग्रंथातली कसोटी कठोर आहे. साधक, प्रिय माणूस, तटस्थ माणूस आणि वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळीसाठी एक जण मागतात. 'याला न्या' असे वाटले तर सीमा अजून तुटलेली नाही. 'मला न्या' असे वाटले तरीही नाही. चौघांतला कोणीच देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच ती तुटली. स्वतःचा बळी देण्यालाही इथे मान्यता नाही, कारण सुरुवात स्वतःपासून झाली ती स्वतःला पुढे वगळण्यासाठी नव्हे.

महाराष्ट्रात हे ध्यान दोन वाटांनी हजारो लोकांपर्यंत पोचले आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात शेवटच्या टप्प्यावर 'मंगल मैत्री' शिकवली जाते. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या शिबिरांत स्वतः, मित्र, तटस्थ, अप्रिय आणि मग सर्व प्राणी अशा पाच पायऱ्या घेतल्या जातात. अमेरिकेत बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी सात आठवडे मैत्रीध्यान केले. आनंद, कृतज्ञता अशा भावनांतली वाढ सुरुवातीलाच दिसली नाही, ती काही आठवड्यांनी दिसू लागली. निष्कर्ष कर्मचाऱ्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेले आहेत, ही त्याची मर्यादा. तरी पहिल्या आठवड्यात काहीच वाटले नाही म्हणून उठून जाणाऱ्याला ते उपयोगी पडावेत.

बुद्धघोषांच्या यादीतला शेवटचा उपाय ध्यानाचा नाहीच. काहीच जमत नसेल तर त्या माणसाला काहीतरी द्या, असे ते सांगतात, आणि चित्तलपब्बत विहारातली गोष्ट सांगतात. तिथे एका भिक्षूला दुसऱ्या थेरांनी त्याच्या निवासातून तीनदा उठवले होते. एके दिवशी तो त्यांच्याकडे आपले भिक्षापात्र घेऊन गेला. त्याची किंमत आठ कार्षापण होती, आणि ते त्याच्या उपासिका आईने दिलेले होते. आईला पुण्य लाभावे म्हणून आपण हे स्वीकारा, असे म्हणून त्याने ते पात्र थेरांना दिले.

बांधावरच्या आंब्याला पाड लागला की शेतकऱ्यालाही पहिली पाटी भावाच्या ओसरीवर नेऊन ठेवता येईल. मोजणीची तारीख तशीच राहील.