खालच्या आकड्याचा शोध

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स रविवारी प्रवचन करी आणि उरलेल्या दिवसांत झाडांच्या मुळांतून पाणी किती जोराने वर चढते ते मोजत बसे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने हाच प्रश्न जनावराच्या रक्तालाही विचारला. कामातून गेलेली, नाहीतरी ठार केली जाणारी एक घोडी त्याने पाठीवर आडवी बांधवली. मांडीतली धमनी उघडून तिच्यात पितळेची बारीक नळी बसवली आणि त्या नळीला नऊ फूट उंचीची काचेची नळी उभी जोडली. धमनीवरचा बंध सुटला, तसे रक्त काचेतून उसळत वर चढू लागले आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर जाऊन थांबले.

थांबले म्हणणे तितकेसे खरे नाही. तो स्तंभ तिथे थरथरत होता. प्रत्येक ठोक्याला दोन, तीन, कधी चार इंच वर जाई आणि पुन्हा खाली येई. हेल्सने 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही थरथर इमानाने नोंदवली. रक्तदाब हा एक आकडा नसून ती वरखाली होणारी लाट आहे, हे माणसाने डोळ्यांनी पाहिले ते इथे. पण लाटेची खरी उंची त्याला दिसली नव्हती. आठ फुटांचा रक्ताचा स्तंभ जड आणि आळशी असतो. हृदयाचा धक्का त्याला हलवेपर्यंत ओसरूनही जातो. घोड्याच्या धमनीतला दाब एका ठोक्यात खरे तर अर्धा मीटर रक्तस्तंभाइतका चढतो-उतरतो, नळीत मात्र चार इंच दिसले. लाटेचा माथा आणि तळ दोन्ही त्या जडपणात बुडाले होते.

हेल्सच्या हाती दुसरी एक गोष्ट लागली, आणि ती आकड्यापेक्षा मोलाची होती. हृदय रक्त ढकलते ते अधूनमधून, धक्क्याधक्क्याने. मग दोन धक्क्यांच्या मध्ये दाब शून्यावर का येत नाही? त्या काळच्या आग विझवण्याच्या बंबात हवेने भरलेला एक गोलक असे. पंपाचा प्रत्येक दट्ट्या त्या हवेला दाबे, आणि दट्ट्या मागे जात असताना ती दबलेली हवा पाण्याला पुढे रेटत राही, त्यामुळे धार तुटत नसे. धमन्यांच्या लवचिक भिंती नेमके हेच काम करतात, असे हेल्सने लिहिले. आजच्या आपल्या रिपोर्टवरच्या खालच्या आकड्याचा अर्थ त्या वाक्यात आला होता. मोजायला मात्र पुढची पावणेदोनशे वर्षे लागली.

पॅरिसच्या प्वाझ्यय याने 1828 साली नऊ फुटी नळीच्या जागी पारा भरलेली वाकडी नळी आणली. पारा रक्ताच्या तेरापट जड, म्हणून उपकरण टेबलावर मावू लागले आणि रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजायची रीत पडली ती कायमची. पण पाराही सुस्तच, आणि धमनी अजूनही कापावी लागे. धडधाकट माणसाने तेवढ्यासाठी आपली धमनी कुणाच्या हाती द्यावी?

ती कोंडी व्यवहारात फोडली इटलीतल्या तुरीनमधल्या स्किपिओने रीवा-रोच्ची या तिशीतल्या डॉक्टरने. 1896 साली त्याने सायकलच्या आतल्या ट्यूबसारखी रबरी नळी रुग्णाच्या दंडाभोवती गुंडाळली, रबरी फुग्याने तीत हवा भरली आणि तिचा दाब पाऱ्यावर वाचला. एक बोट मनगटावरच्या नाडीवर. हवा भरत जायची, भरत जायची, आणि नाडी बोटाखालून नाहीशी झाली की पारा वाचायचा. बाहेरचा दाब आतल्या लाटेच्या माथ्याहून वर गेला, म्हणून धमनी पूर्ण मिटली. कुठेही रक्ताचा थेंब न सांडता वरचा आकडा हाती आला. त्याचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा होता आणि अरुंद पट्टा धमनीला पुरता दाबू शकत नाही, त्यामुळे आकडे फुगून येत. ती चूक 1901 साली फोन रेक्लिंगहाउझेन या डॉक्टरने पट्टा रुंद करून काढली. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर ती चूक आजही जशीच्या तशी परत येते.

खालचा आकडा मात्र बोटाला सापडेना. हवा सोडताना नाडी परत आली की वरचा आकडा कळतो. त्यानंतर दाब कितीही उतरवा, बोटाखाली नाडी लागतच राहते. लाटेचा तळ कुठे आला हे ती सांगत नाही.

इथे कथा मंचूरियातल्या हार्बिनला जाते. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात निकोलाय कोरोत्कोव हा तरुण शल्यचिकित्सक तिथे जखमींवर उपचार करत होता. गोळ्यांनी फाटलेल्या धमन्यांवर रक्ताचे फुगे धरत. धमनी बांधून टाकली तर फुगा बरा होई, पण खालचा हात किंवा पाय आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर जगेल की सडेल, हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. चुकीच्या निर्णयाची किंमत सैनिक आपल्या अवयवाने मोजत असे. कोरोत्कोव तो मार्ग धुंडाळत होता. जखमी वाहिन्यांवर नळी टेकवून तो ऐके, धमनी दाबे, सोडे, पुन्हा ऐके. रक्तदाब मोजण्याची नवी पद्धत शोधायला तो निघालाच नव्हता.

अशा ऐकण्यातच त्याला ते गवसले. निरोगी माणसाच्या धमनीवर कान दिला तर काहीच ऐकू येत नाही. रक्त वाहते, पण मुकाट्याने. धमनी पुरती मिटली तरीही शांतताच, कारण रक्तच पुढे जात नाही. पण या दोन शांततांच्या मध्ये, धमनी अर्धवट दबलेली असताना, प्रत्येक ठोक्याला ती बोलते. दोन्ही टोके कानाने धरता येतात, हे ध्यानात आले आणि हेल्सच्या नळीत बुडालेले माथा आणि तळ एकदम वर आले.

8 नोव्हेंबर 1905 रोजी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत एकतीस वर्षांचा कोरोत्कोव उभा राहिला. त्याचे निवेदन छापील एका पानाहूनही कमी भरते. रीवा-रोच्चीचा पट्टा दंडाला बांधा, नाडी बंद होईपर्यंत हवा भरा, मग पारा उतरू द्या आणि पट्ट्याच्या लगेच खाली, लहान मुलांसाठीच्या स्टेथोस्कोपने धमनी ऐका. आधी काहीच नाही. मग अचानक पहिला टकटक आवाज: लाटेचा माथा पट्ट्याखालून निसटला, हा वरचा दाब. पुढे आवाज घरघरीत होतात, पुन्हा ठसठशीत होतात, आणि शेवटी विरून जातात: आता लाटेचा तळसुद्धा पट्ट्याच्या दाबाहून वर आहे, धमनी क्षणभरही मिटत नाही. हा खालचा दाब.

श्रोत्यांना हे सहज पटले नाही. हे ठोके हृदयाचेच असतील, रक्तातून खाली पोचत असतील, असा आक्षेप आला. कोरोत्कोवपाशी उत्तर होते. धमनी पूर्ण मिटली की हृदय धडधडत असूनही आवाज थांबतो. म्हणजे त्याचा जन्म तिथेच, पट्ट्याखाली होतो. महिन्याभराने तो जनावरांवरच्या प्रयोगांचा पुरावा घेऊन परत आला. त्याच अकादमीतल्या यानोव्स्की या ज्येष्ठ वैद्याने पद्धत उचलून धरली आणि ती जगभर गेली. कोरोत्कोव स्वतः पुढे सैबेरियातल्या सोन्याच्या खाणींवर डॉक्टर म्हणून राबला आणि 1920 साली वारला.

त्याच्या पद्धतीत एक सापळा आहे. काही रुग्णांत, विशेषतः दाब चढलेला असतो तेव्हा, वरचे आवाज सुरू होऊन मध्येच गप्प होतात आणि बऱ्याच खाली पुन्हा उमटतात. घाईत कमी हवा भरणारा त्या मधल्या शांततेलाच सुरुवात समजतो आणि दोनशेचा दाब दीडशे म्हणून लिहितो. म्हणून जाणता डॉक्टर आधी मनगटावरची नाडी कुठे थांबते ते पाहतो आणि त्याहून वीस-तीस मिलिमीटर वर हवा नेतो.

आकडे दोन झाले, पण वैद्यकाने त्यांना सारखा मान दिला नाही. वरचा आकडा जिना चढला, राग आला की उसळतो. खालचा स्थिर, म्हणून तोच खरा, असे ठरले. म्हाताऱ्या माणसाचा वरचा दाब 'शंभर अधिक वय' असायचाच, हे डॉक्टर सर्रास सांगत. फ्रीस या डॉक्टरने अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर केलेल्या 1967 च्या गाजलेल्या चाचणीतही रुग्ण निवडले ते खालच्या आकड्यावरून. त्या मानाचा पाया हलला अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घ पाहणीने. 1948 पासून तिथल्या हजारो रहिवाशांचा दाब आणि पुढचे आजार नोंदले जात होते, आणि 1971 साली त्या नोंदींतून दिसले की हृदयविकाराची चाहूल देण्यात वरचा आकडा मुळीच मागे नाही. वय वाढते तसा तर तोच पुढे असतो.

का, ते दोन माणसे शेजारी ठेवली की उमगते. समजा, अडतीस वर्षांच्या एका गृहस्थाचा दाब 138/98 आहे. दोन आकड्यांतले अंतर 40, म्हणजे नेहमीचेच. मोठ्या धमन्या अजून लवचिक आहेत. पण शरीरभरच्या बारीक धमन्या आवळल्यामुळे रक्त पुढे निसटत नाही आणि दोन ठोक्यांच्या मध्येही दाब उतरत नाही. आता सत्तरीच्या एक आजी घेऊ, दाब 172/68. खालचा आकडा पाहून घरचे निर्धास्त. पण अंतर 104! त्यांची महाधमनी ताठर झाली आहे. हृदयाने फेकलेले रक्त सामावून घ्यायला ती ताणली जात नाही, म्हणून माथा उंच जातो. आणि ताणलीच नाही तर आखडून रक्ताला पुढे रेटणार कशी, म्हणून तळ खचतो. हेल्सच्या बंबातली हवा संपली आहे. इथे नुकसान दुहेरी होते. हृदयाच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोका चढ्या दाबाविरुद्ध मारावा लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, म्हणजे नेमके खालच्या आकड्याच्या जोरावर. काम वाढले आणि शिधा घटला. महाधमनीची झडप गळत असेल तरी अंतर असेच वाढते. ते डॉक्टरांनी हृदय ऐकून, तपासून ठरवायचे.

अशा आजी-आजोबांना औषध द्यावे का, हा वाद 1991 साली मिटला. अमेरिकेतल्या एका चाचणीत साठीपुढच्या 4,736 जणांना घेतले होते. सगळ्यांचा वरचा दाब 160 किंवा जास्त, खालचा 90 च्या आत. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या साध्या गोळीपासून ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांहून 36 टक्क्यांनी कमी भरले. 'शंभर अधिक वय' हे सूत्र तेव्हाच मोडीत निघाले. आपल्याकडे मात्र ते अजून ऐकू येते.

घरातले बटणाचे यंत्र कोरोत्कोवचे आवाज ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपते आणि तिच्यावरून दोन्ही आकडे हिशेबाने काढते, म्हणून नाडी अनियमित असेल तेव्हा ते फसू शकते. यंत्र कोणतेही असो, पाच मिनिटे स्वस्थ बसून, दंड हृदयाच्या पातळीला टेकवून आणि दंडाच्या मापाचा पट्टा बांधून मोजा. वहीत दोन्ही आकडे लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा वरचा दाब 170 असताना 'खालचा नॉर्मल आहे ना' असे म्हणून त्यांची गोळी बंद करू नका.