हाडांच्या रिपोर्टमधले दोन आकडे

बासष्ट वर्षांच्या एका बाईंच्या डेक्सा रिपोर्टचं उदाहरण घेऊ. खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.6, झेड-स्कोअर उणे 1.2, कण्याचा टी-स्कोअर उणे 1.4. टी-स्कोअर हाडांची तुलना तरुण, निरोगी स्त्रीशी करतो. झेड-स्कोअर समवयस्क बायकांशी. पाळी गेल्यावर निदान टी-स्कोअरवरच होतं. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि सगळ्यांत कमी आकडा धरायचा. म्हणून इथे निदान खुब्यावरून झालं. झेड बरा दिसतो, कारण त्या वयात सगळ्यांचीच हाडं विरळ होतात. त्यावर विसंबू नये. कण्याचा आकडाही फसवा असू शकतो: झिजेमुळे वाढलेलं हाड घनता जास्त दाखवतं. झेड उणे 2 किंवा त्याखाली असेल, तर थायरॉईड, स्टिरॉईड, ड जीवनसत्त्व अशी वेगळी कारणं डॉक्टर आवर्जून तपासतात.