ट्रेंडिंगच्या यादीत कोण बसतं?

जुलै 2019 मध्ये रॅपर बादशाहचं ‘पागल’ हे गाणं यूट्यूबवर आलं आणि पहिल्या चोवीस तासांत त्याला सुमारे साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. तोवर हा विक्रम कोरियातल्या बीटीएस या गटाच्या नावावर होता आणि तो 7 कोटी 46 लाखांचा होता. एका भारतीय गाण्यानं जगाचा उच्चांक मोडला, म्हणून इकडे आनंद झाला. पण एरवी असे विक्रम लगेच साजरे करणारं यूट्यूब या वेळी गप्प राहिलं. काही दिवसांत कारण कळलं. गाण्याचा व्हिडिओ जाहिरात म्हणून मोठ्या प्रमाणावर दाखवला गेला होता आणि त्या जाहिरातींतून आलेले व्ह्यूजही आकड्यात धरले गेले होते.

यात नियमभंग नव्हता. जगभरच्या मोठ्या संगीत कंपन्या तेव्हा हाच मार्ग वापरत होत्या. मात्र या प्रकरणानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर 2019 मध्ये, यूट्यूबनं नियम बदलला. संगीताच्या चार्टसाठी आणि चोवीस तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीतून आलेले व्ह्यूज मोजायचे नाहीत, असं ठरलं. थेट लिंकवरून, शोधातून, होमपेजवरून किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर लावलेल्या व्हिडिओतून जे प्रेक्षक आपणहून येतात, तेवढेच धरायचे.

हा बदल नीट समजून घेतला की ट्रेंडिंगच्या याद्यांबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात. व्हिडिओखाली दिसणारा व्ह्यूजचा आकडा आणि यादी ठरवताना धरला जाणारा आकडा हे दोन वेगळे आकडे असतात. तुमच्या व्हिडिओआधी एखादी जाहिरात लागते. ती अर्ध्या मिनिटाहून मोठी असेल आणि तुम्ही ती वगळता येत असूनही तीस सेकंद पाहिली, तर त्या जाहिरातीच्या व्हिडिओला एक व्ह्यू मिळतो. तो खरा व्ह्यू असतो, खालच्या आकड्यात तो दिसतो, आणि पैसे देऊन तो मिळवणं पूर्ण कायदेशीर आहे. यादीसाठी मात्र त्याची किंमत शून्य. ट्रेंडिंगच्या पानाबद्दलही कंपनीचं म्हणणं स्पष्ट होतं: तिथल्या जागेसाठी पैसे घेतले जात नाहीत आणि निवड करताना जाहिरातीतले व्ह्यूज धरले जात नाहीत.

म्हणूनच ‘इतके हजार भरा, तुमचा व्हिडिओ ट्रेंडिंगला आणून देतो’ असं सांगणाऱ्या माणसापासून लोकांनी सावध राहावं, असं मला मनापासून वाटतं. नवे गायक, छोटे निर्माते, लग्नाच्या गाण्यांचे अल्बम काढणारी तरुण मुलं त्याला बळी पडतात. तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो तुमच्याच पैशानं जाहिरात चालवतो. असं झालं असेल तर यूट्यूब स्टुडिओतल्या अ‍ॅनालिटिक्समध्ये, प्रेक्षक कुठून आले ते दाखवणाऱ्या तक्त्यात, ‘YouTube advertising’ या ओळीचा वाटा फुगलेला दिसतो. किंवा तो यंत्रानं बनावट व्ह्यूज पाठवतो. ते यूट्यूबच्या तपासणीत सापडले की आकड्यातून वजा होतात आणि चॅनेलवर कारवाईही होऊ शकते. दोन्ही वाटांनी यादीकडे जाता येत नाही.

मग यादी ठरायची तरी कशी? डिसेंबर 2015 मध्ये यूट्यूबनं ‘ट्रेंडिंग’चं पान सुरू केलं आणि ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. निवडीचं नेमकं सूत्र कंपनीनं कधीच उघड केलं नाही, पण कोणत्या खुणा पाहिल्या जातात ते सांगितलं होतं. एकूण व्ह्यूज किती, ते किती वेगानं वाढत आहेत, ते कुठून येत आहेत (यूट्यूबच्या बाहेरूनसुद्धा), व्हिडिओ किती जुना आहे, आणि त्याच चॅनेलच्या अलीकडच्या इतर व्हिडिओंच्या मानानं तो कसा चालला आहे. वेगाला कंपनी ‘टेंपरेचर’ म्हणायची. यादी साधारण दर पंधरा मिनिटांनी नव्यानं लागायची.

यातली शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण लोकांच्या ध्यानात नेमकी तीच येत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईतल्या एका मोठ्या मनोरंजन चॅनेलचे पन्नास लाख सबस्क्रायबर आहेत. त्याच्या प्रत्येक नव्या व्हिडिओला पहिल्या बारा तासांत चार लाखांच्या आसपास व्ह्यूज मिळतात. आजच्या व्हिडिओला तीन लाख मिळाले. त्याच दिवशी कोल्हापूरच्या एका खाद्यपदार्थांच्या चॅनेलनं पांढऱ्या रश्श्याचा व्हिडिओ टाकला. या चॅनेलचे सबस्क्रायबर वीस हजार आहेत आणि एरवी बारा तासांत त्याला आठ हजार व्ह्यूज मिळतात. आज सहाच तासांत नव्वद हजार मिळाले, आणि त्यांतले निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. नुसता आकडा पाहिला तर मुंबईचा व्हिडिओ तिपटीहून मोठा आहे. पण तो स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्याही खाली आहे. कोल्हापूरचा व्हिडिओ निम्म्या वेळेत आपल्या नेहमीच्या अकरापट पुढे गेला आहे, आणि लोक तो एकमेकांना पाठवत आहेत. ‘सध्या काय गाजतंय?’ या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या व्हिडिओत जास्त आहे. एखाद्या दिवशी सर्वाधिक पाहिलेला व्हिडिओ यादीत पहिला असेलच असं नाही, कमी व्ह्यूजचा व्हिडिओ त्याच्या वर दिसू शकतो, असं कंपनी सांगायची त्याचं कारण हेच. अर्थात एकूण आकडाही मोजला जातच असे, त्यामुळे दोनशेवरून दोन हजारांवर गेलेला व्हिडिओ दहापट वाढूनही देशाच्या यादीत येत नसे.

ही यादी प्रत्येक देशातल्या सगळ्या प्रेक्षकांना एकच दिसायची. भारतापुरता मात्र अपवाद होता. इथे नऊ प्रमुख भारतीय भाषांनुसार याद्या दाखवण्याची सोय केलेली होती. हा अपवाद करावा लागला यात नवल नाही. प्रेक्षकांची संख्याच निर्णायक ठरली, तर एका देशव्यापी यादीत लहान भाषेतल्या व्हिडिओला जागा मिळणं अवघड आहे.

वेग आणि आकडा हा मात्र निवडीचा उत्तरार्ध. त्याआधी पात्रतेची चाळणी असते. व्हिडिओ सर्वांना खुला हवा. शिवीगाळ, हिंसा, प्रौढांसाठीचा मजकूर किंवा कुणाची हीन टवाळी असेल तर तो गाळायचा. मथळा आणि थंबनेल दिशाभूल करणारे किंवा सनसनाटी नसावेत, आणि व्हिडिओ बऱ्याच प्रकारच्या प्रेक्षकांना आवडेल असा असावा. नियम म्हणून हे सगळं सोपं वाटतं. पण हे प्रत्येक व्हिडिओबाबत आणि मिनिटामिनिटाला तपासायचं काम यंत्राकडे असतं, आणि चूक तिथेच होते.

अशी एक चूक फेब्रुवारी 2018 मध्ये झाली. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पार्कलंड इथल्या शाळेत 14 फेब्रुवारीला गोळीबार होऊन 17 जण मारले गेले. वाचलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी बंदुकांच्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. आठवडाभरातच यूट्यूबच्या ट्रेंडिंग यादीत पहिल्या क्रमांकावर एक व्हिडिओ आला. त्या मुलांपैकी एक जण विद्यार्थी नसून पैसे घेऊन बोलणारा नट आहे, असा खोटा आरोप त्यात सुचवलेला होता. ओरड झाल्यावर यूट्यूबनं तो काढून टाकला आणि खुलासा दिला: व्हिडिओत एका विश्वासार्ह वृत्तवाहिनीचं चित्रण होतं, त्यामुळे यंत्रणेनं त्याचं वर्गीकरण चुकीचं केलं.

त्या व्हिडिओत त्या मुलाची जुनी टीव्ही बातमी होती. दृश्यं खरी होती, वाहिनी खरी होती. खोटेपणा होता तो त्या दृश्यांचा अर्थ लावण्यात. चाळणीनं चित्रणाचा उगम पाहिला आणि व्हिडिओला पात्र ठरवलं. एकदा पात्र ठरल्यावर पुढचं काम वेगानं केलं, कारण संतापानं पाहिलेला व्हिडिओही तितक्याच झपाट्यानं पसरतो. मग पहिल्या क्रमांकामुळेच तो आणखी लोकांनी पाहिला. शाळासोबत्यांना गमावलेल्या एका मुलाला त्या आठवड्यात हे सोसावं लागलं. चाळणी किती बारीक आहे हा प्रश्न माझ्या मते क्रमवारीच्या प्रश्नाहून मोठा आहे, कारण क्रमवारी चुकली तर एखाद्या निर्मात्याची जागा जाते, पण चाळणी चुकली तर एखाद्या माणसावर थेट आघात होतो.

त्या काळात दुसरी तक्रार अशी होती की यादी दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या आणि संगीत कंपन्यांच्या व्हिडिओंनीच भरते. त्यावर 2019 मध्ये यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनी यादीतले निदान निम्मे व्हिडिओ यूट्यूबवरच घडलेल्या निर्मात्यांचे असावेत, असं उद्दिष्ट मांडलं. म्हणजे यादीत कुणाचं किती प्रतिनिधित्व असावं हेही ठरवलं जात होतं. लोकांचा कौल जसाच्या तसा टिपणारं ते यंत्र कधीच नव्हतं, आणि ते तसं नव्हतं हे मला योग्यच वाटतं.

जुलै 2025 मध्ये यूट्यूबनं ट्रेंडिंगचं पान बंद केलं. त्याआधीच्या पाच वर्षांत तिथे येणाऱ्यांची संख्या खूप घटली होती. सगळ्यांच्या तोंडी एकच व्हिडिओ असण्याचे दिवस सरले आहेत, आता निरनिराळ्या समूहांत निरनिराळ्या गोष्टी गाजतात, असं कारण कंपनीनं दिलं. त्याऐवजी गाण्यांचे व्हिडिओ, पॉडकास्ट आणि चित्रपटांचे ट्रेलर यांचे स्वतंत्र चार्ट ठेवले. बाकीच्या बहुतेक विषयांवरच्या व्हिडिओंसाठी आता देशाची अशी एकच यादी उरलेली नाही. म्हणून आज कुणी ‘यूट्यूब ट्रेंडिंगला नंबर एक’ असं सांगितलं तर तो कोणता चार्ट, कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या देशाचा, हे विचारायला हवं.

त्याच महिन्यात भारतात ‘हाइप’ ही सोय आली. इथे पात्रतेचा नियम प्रथमच आकड्यांत, उघडपणे लिहिलेला आहे. चॅनेलचे सबस्क्रायबर 500 ते 5 लाख यांच्या दरम्यान हवेत. व्हिडिओ नवा हवा, प्रसिद्ध होऊन सात दिवसांच्या आतला. प्रेक्षकाला आठवड्यात तीन व्हिडिओंना हाइप देता येतो. त्यातून गुण मिळतात, चॅनेल जितकं लहान तितके जादा गुण, आणि सर्वाधिक गुण मिळवणारे शंभर व्हिडिओ देशाच्या यादीत लागतात. नुसतं पाहून इथे गुण मिळत नाहीत. प्रेक्षकाला हाइपचं बटण मुद्दाम दाबावं लागतं.

आपल्या उदाहरणातलं पन्नास लाखांचं चॅनेल या यादीसाठी पात्रच नाही. कोल्हापूरचं चॅनेल आहे, आणि लहान असल्यानं त्याला प्रत्येक हाइपमागे जादा गुणही मिळतील. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या त्या पंचेचाळीस हजारांपैकी कुणी बटण दाबलंच नाही, तर नव्वद हजार व्ह्यूज असूनही त्याच्या खात्यात एकही गुण नसेल. शिवाय रश्श्याचा व्हिडिओ रविवारी टाकला असेल तर पुढच्या रविवारपर्यंतच मुदत आहे.