बाबांच्या नव्या पेनासोबत

प्रिय बाबा,

तलाठी असताना तुम्ही फेरफार लिहिलेत, मंडळ अधिकारी झाल्यावर ते प्रमाणित केलेत. अठ्ठावन्न पूर्ण झाली. आता या पेनाने फक्त तुमच्या मनातलं लिहा.

पेन राजमुंद्रीचं आहे, एबोनाइटचं. तिथेच के. व्ही. रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी पेनं घडवायला सुरुवात केली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताला ते उबदार लागतं, पण गरम पाण्याने त्याचा रंग विटतो, म्हणून साध्याच पाण्याने धुवा.

यात रबरी नळी नाही. ड्रॉपरने शाई थेट नळकांड्यात भरायची आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यायचा. आट्यांशी बोटं निळी झाली, तर ग्रीस कमी पडलं असं समजा.

एक खोड मात्र आधीच सांगते. शाई कमी होते तशी आत हवा वाढते. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते, शाईला पुढे ढकलते आणि कागदावर टपकन डाग पडतो. ती निबची चूक नसते. एक तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरा. खिशात निब वर ठेवा. बरेच दिवस लिहिणार नसाल, तर शाई काढून पेन धुऊन ठेवा. वाळलेली शाई जिभलीच्या बारीक खाचांत अडकते.

आजीच्या गावच्या गोष्टी आधी लिहाल? मला त्या तुमच्याच अक्षरात हव्या आहेत.

तुमची,
ताई