पदर कुठल्या खांद्यावर?

भाचीला बघायला मंडळी आली होती. पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कुणी काही बोललं नाही, पण पुढचा अर्धा तास सगळेच जरा अवघडून बसले. मंडळी गेल्यावर भाची वैतागून म्हणाली, "मावशी, मी एकही फिल्टर लावला नव्हता गं. साधा सेल्फी होता."

ती खोटं बोलत नव्हती. बायोडेटासोबत पाठवलेला तो फोटो मी मोठा करून पाहिला. गालावरचा तीळ जवळपास गायब होता. भुवयांचे केस सुटे न दिसता काजळाची रेघ ओढल्यासारखे दिसत होते. चेहरा मानेपेक्षा दोन छटा उजळ होता. तिने फिल्टर लावला नव्हता, तो तिच्या फोनने लावला होता. अनेक फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यात 'ब्यूटी' नावाची सोय आधीपासूनच चालू असते आणि आपण ती बंद करेपर्यंत त्वचा गुळगुळीत करत राहते. गूगलने २०२० मध्ये आपल्या नव्या पिक्सेल फोनांत ही सोय सुरुवातीला बंदच ठेवायचं ठरवलं, पण सगळे फोन तसे नसतात. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने 'टचिंग' करायचे, तेव्हा निदान टचिंग झालंय हे आपल्याला माहीत तरी असायचं.

म्हणून आम्ही ब्यूटीची सगळी बटणं शून्यावर आणली आणि पुन्हा सेल्फी काढला. तीळ परत आला, पण भाची काही परत आली नाही. नाक मोठं, कान मागे गेलेले, हनुवटी निमुळती. इथे दोष फिल्टरचा नव्हता, अंतराचा होता.

हिशेब सोपा आहे. हातभर अंतरावरून फोटो काढताना नाकाचं टोक कॅमेऱ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतं आणि कान ४२ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानांच्या मानाने नाक जवळजवळ दीडपट फुगतं. तोच फोटो दीड मीटरवरून काढला, तर नाक १५० वर आणि कान १६२ वर येतात, आणि फरक नगण्य होतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये असाच हिशेब मांडला होता. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एक फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं त्यांनी दाखवलं. नाक लपवायला मग आपण हात उंच करतो. वरून काढलेल्या फोटोत कपाळ आणि डोळे मोठे होतात, गळा दिसत नाही आणि अंगही बारीक वाटतं. भाचीचा पहिला फोटो असाच वरून काढलेला होता. मुलाच्या आईला जी मुलगी आठवत होती, ती कुठे राहतच नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मागच्या खोलीत फोटो काढायला बसलो. तिथल्या खिडकीत उजेड भरपूर, पण ऊन थेट आत येत नाही. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र झाले की अर्धा गाल एका रंगाचा दिसतो आणि अर्धा दुसऱ्या. भाची खिडकीपासून तीन फुटांवर, तोंड जरासं खिडकीकडे वळवून उभी राहिली. सावलीतल्या गालाच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली. तेवढ्याने डोळ्यांखालचा काळोख निवळला. फोनचा मागचा कॅमेरा, दुप्पट झूम, अंतर पाच-सहा फूट आणि फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. चष्मा ती रोज लावते, म्हणून फोटोतही ठेवला. काचेवर खिडकी चमकायला लागली, तेव्हा मान किंचित वळवली आणि चमक गेली.

उभ्या फोटोसाठी मी दहा फूट मागे गेले आणि फोन तिच्या कमरेच्या उंचीवर धरला. खालून काढला असता तर पाय लांब दिसून पाच फूट दोन इंचांची मुलगी साडेपाच फुटांची वाटली असती, आणि वरून काढला असता तर बुटकी. मागे दाराची चौकट मुद्दाम राहू दिली. कंबर बारीक करणारं अॅप वापरलं की शेजारची सरळ रेघही वाकते. त्यामुळे चौकट सरळ असली की बघणाऱ्याला शंका राहत नाही.

इतक्यात ताई आत आली. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "थोडी उजळ कर ना." मी प्रकाश वाढवला. चेहरा उजळला, पण साडीचा मोरपंखी रंग धुवून विटल्यासारखा झाला आणि काठाची जर पांढरी पडली. ताईनेच तो फोटो पुसायला सांगितला. मग खिडकीपाशी भाचीचा हात स्क्रीनशेजारी धरला आणि दोन्ही रंग जुळेपर्यंतच प्रकाश ठेवला. बाकी फेरफारांसाठी आम्ही एक नियम केला. भेटीच्या दिवसापर्यंत जे आपोआप जाणार आहे, ते फोटोतूनही गेलं तर चालेल. म्हणजे हनुवटीवरची पुटकुळी पुसली. तीळ आणि कपाळावरचा लहानपणीचा व्रण तसाच ठेवला.

चाळीस फोटोंतून निवड करताना मात्र गाडी अडली. भाचीला एकही पसंत पडेना. "यात मी वेगळीच दिसते," म्हणायची. याला कारण आहे. आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणजे उलटं, आणि त्या उलट्या चेहऱ्याचीच आपल्याला सवय होते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी काही बायकांना स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा. बहुतेकींना आरशातला आवडला, पण त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. फोनच्या पडद्यावर सेल्फी आरशासारखा दिसतो आणि काही फोन तो तसाच उलटा साठवतात. भाचीचा पहिला फोटो मी पुन्हा काढून पाहिला, तर पदर उजव्या खांद्यावर! पुरुषांच्या फोटोत हीच चूक शर्टाच्या खिशावरून कळते. खिसा उजवीकडे गेलेला असतो.

म्हणून निवड तिच्याकडे ठेवलीच नाही. तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना बारा फोटो पाठवले आणि एवढंच विचारलं, "उद्या स्टेशनवर हिला शोधायचं असेल, तर कोणता फोटो सोबत न्याल?" दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण तोच चेहऱ्याचा फोटो निवडला. त्याला साडीतला उभा फोटो जोडला आणि तिसरा कुडत्यातला, गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतानाचा. बस, तीनच.

महिन्याभराने दुसरी मंडळी आली. या वेळी मुलाच्या आईने मोबाइल पर्समधून काढलाच नाही. मोबाइल काढायची पाळी आमच्यावर आली. मुलाच्या तिन्ही फोटोंत सिंहगडावरची टोपी होती, एकात तर गॉगलही. समोर बसलेल्या मुलाचं कपाळ चांगलं मागपर्यंत गेलेलं. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि हसू दाबत पोह्यांची बशी पुढे केली. तोही ओशाळून हसला आणि म्हणाला, "टोपी आईने घालायला सांगितली होती."